द्वादशांश नियम

'''द्वादशांश नियम''' हा पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्या दरम्यान एखाद्या क्षणी समुद्राच्या पाण्याची पातळी किती असेल, याचा तोंडी अंदाज बांधण्याचा नियम होय. यालाच ''बारा भागांचा नियम'' असेही म्हणता येईल. किनाऱ्यालगतचा प्रवास आखताना उथळ जागेवरून, खाडीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यावरून किंवा बंदराच्या अरुंद वाटेवरून होडी केव्हापर्यंत सुखरूप जाऊ शकेल, हे ठरवण्यासाठी या नियमाचा उपयोग करतात. भरती-ओहोटीच्या तक्त्यात सामान्यतः पूर्ण भरतीची व पूर्ण ओहोटीची वेळ आणि उंची एवढेच दिलेले असते. मधल्या तासांतील उंची हा नियम पुरवतो. तो वापरण्यास सोपा असला तरी अंदाजी आहे. विशेष म्हणजे, पूर्ण ओहोटीच्या जवळच्या काळात तो प्रत्यक्षाहून थोडे जास्त पाणी दाखवतो, म्हणजे त्याची चूक धोक्याच्या बाजूला पडते.

== नियमाचे स्वरूप ==

पूर्ण भरतीची उंची आणि तिच्या पुढील (किंवा मागील) पूर्ण ओहोटीची उंची यांतील फरकाला भरती-ओहोटीची कक्षा म्हणतात. या कक्षेचे बारा समान भाग करावयाचे आणि भरती ते ओहोटी या कालावधीचे सहा समान भाग करावयाचे. कालावधीच्या पहिल्या भागात पाणी कक्षेच्या बारा भागांपैकी १ भाग उतरते, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. या सर्वांची बेरीज १२ होते. भरती चढतानाही हाच क्रम लागू पडतो. फक्त उंची वजा करण्याऐवजी ओहोटीच्या उंचीत मिळवावयाची असते.

नियम सांगताना पुष्कळदा 'पहिल्या तासात एक, दुसऱ्या तासात दोन' असे म्हटले जाते. हा तास घड्याळाचा नव्हे. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीपासून ओहोटीपर्यंत सरासरी सुमारे ६ तास १२ मिनिटे लागतात आणि त्याचा सहावा हिस्सा सुमारे ६२ मिनिटांचा होतो. प्रत्यक्षात हा कालावधी दर वेळी थोडा बदलतो. म्हणून त्या दिवसाच्या तक्त्यातील दोन वेळांमधील अंतर काढून त्यालाच सहाने भागणे योग्य ठरते. या लेखात अशा सहाव्या हिश्शाला 'कालभाग' म्हटले आहे.

== नियमामागील कारण ==

भरती-ओहोटीच्या पाण्याची पातळी समान वेगाने चढत-उतरत नाही. पूर्ण भरतीच्या आसपास पाणी जवळजवळ थबकलेले असते. मग ते हळूहळू वेग घेते, मध्यावर सर्वाधिक वेगाने उतरते आणि ओहोटीच्या जवळ येताना पुन्हा मंदावते. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि मधून जाताना सर्वांत वेगवान असतो, तसाच हा प्रकार आहे. पाण्याच्या उंचीचा वेळेनुसार आलेख काढला तर तो साधारणपणे कोज्या-वक्रासारखा दिसतो. भरती ते ओहोटी हा कालावधी १८० अंशांचा मानला, तर एक कालभाग ३० अंशांचा होतो आणि उंची पुढील सूत्राने मिळते :

```
h = H - (R / 2) * (1 - cos θ)
```

येथे `H` ही पूर्ण भरतीची उंची, `R` ही कक्षा आणि `θ` हा भरतीनंतर उलटलेल्या वेळेचा कोन होय. या सूत्रानुसार दोन कालभागांनंतर म्हणजे ६० अंशांवर पाणी कक्षेच्या बरोबर पाव हिश्शाइतके उतरलेले असते, तीन कालभागांनंतर निम्मे आणि चार कालभागांनंतर पाऊण. द्वादशांश नियमही ३, ६ आणि ९ बारांश म्हणजे हीच उत्तरे देतो. पहिल्या व पाचव्या कालभागाच्या अखेरीस मात्र दोहोंत फरक पडतो. सूत्रानुसार पहिल्या कालभागात पाणी कक्षेच्या सुमारे पंधराव्या हिश्शाने उतरते, तर नियम बाराव्या हिश्शाने उतरल्याचे सांगतो. हा फरक कक्षेच्या साठाव्या हिश्शाइतका असतो.

== आधारपातळी आणि आवश्यक उंची ==

नियमाने मिळणारी उंची म्हणजे त्या ठिकाणची पाण्याची खोली नव्हे. ती नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेली उंची असते. सागरी नकाशावर छापलेल्या खोल्या ज्या नीचतम पातळीपासून मोजलेल्या असतात, तिला आधारपातळी म्हणतात. ओहोटीला पाणी सहसा तिच्याखाली जाऊ नये अशा बेताने ती निवडलेली असते. भारतातील भरती-ओहोटीचा अभ्यास करताना जॉर्ज डार्विन यांनी सुचवलेली 'भारतीय उधाण-ओहोटी पातळी' ही अशीच एक आधारपातळी आहे. भारताचे सागरी नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय प्रसिद्ध करते, तर प्रमुख बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो.

एखाद्या जागेची प्रत्यक्ष खोली म्हणजे नकाशावरील खोली अधिक त्या क्षणीची भरतीची उंची. जी जागा ओहोटीला उघडी पडते, तिच्यासाठी नकाशावर अधोरेखित आकडा छापलेला असतो. तो आधारपातळीच्या वरची उंची दर्शवतो, म्हणून तो मिळवावयाचा नसून वजा करावयाचा असतो.

होडीचा जेवढा भाग पाण्याखाली असतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. लाटा, नकाशातील त्रुटी आणि अंदाजातील चूक यांच्यासाठी होडीच्या तळाखाली काही पाणी राखून ठेवावे लागते. म्हणून भरतीची आवश्यक उंची अशी काढतात : ड्राफ्टमध्ये राखीव पाणी मिळवावयाचे आणि त्यातून नकाशावरील खोली वजा करावयाची. जागा उघडी पडणारी असेल तर तिची उंची वजा न करता मिळवावयाची. नियमाचा खरा उपयोग येथून सुरू होतो. कारण प्रवास आखणाऱ्याला 'अमुक वाजता पाणी किती' यापेक्षा 'एवढे पाणी केव्हापर्यंत राहील' हे जाणून घ्यावयाचे असते.

== सोडवलेले उदाहरण : मुंबई बंदर ==

मुंबईत उधाणाच्या काळात पूर्ण भरतीची सरासरी उंची आधारपातळीपासून सुमारे ४.४ मीटर आणि पूर्ण ओहोटीची सुमारे ०.८ मीटर असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तेथे भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जी जुनी रीत आहे, तिचाही आधार हाच आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. ही रीत केवळ वेळ सांगते, उंची सांगत नाही. द्वादशांश नियम उंची सांगतो, पण त्यासाठी वेळ आधी हाती असावी लागते.

पुढील उदाहरणात उधाणाचा असा एक दिवस कल्पिला आहे, की पूर्ण भरती १२:२० वाजता ४.४ मीटर आणि पूर्ण ओहोटी १८:३२ वाजता ०.८ मीटर आहे. कालावधी ६ तास १२ मिनिटांचा, म्हणून एक कालभाग ६२ मिनिटांचा. कक्षा ३.६ मीटर, म्हणून एक बारांश ०.३ मीटर. नियमाने येणाऱ्या उंची अशा :

| वेळ | उतरलेले बारांश | भरतीची उंची (मीटर) |
|---|---|---|
| १२:२० | ० | ४.४ |
| १३:२२ | १ | ४.१ |
| १४:२४ | ३ | ३.५ |
| १५:२६ | ६ | २.६ |
| १६:२८ | ९ | १.७ |
| १७:३० | ११ | १.१ |
| १८:३२ | १२ | ०.८ |

एका होडीचा ड्राफ्ट १.५ मीटर आहे आणि ०.५ मीटर पाणी राखून ठेवावयाचे आहे. वाटेत असलेल्या वाळूच्या दांड्यावर नकाशात ०.३ मीटर खोली दाखवली आहे. आवश्यक उंची १.५ अधिक ०.५ उणे ०.३ म्हणजे १.७ मीटर होते. पूर्ण भरतीच्या ४.४ मीटरमधून १.७ वजा केले असता २.७ मीटर उरतात, त्यांना ०.३ ने भागले असता ९ बारांश येतात. एक, दोन, तीन आणि तीन मिळून नऊ होतात, म्हणजे चौथा कालभाग संपेपर्यंत दांडा ओलांडला पाहिजे. ती वेळ १६:२८ ची आहे.

हा दांडा निघण्याच्या ठिकाणापासून १४ सागरी मैल दूर असून होडीचा वेग ताशी ५ सागरी मैल आहे असे धरले, तर तेथे पोहोचण्यास २ तास ४८ मिनिटे लागतील. म्हणून होडीने उशिरात उशिरा १३:४० वाजता निघाले पाहिजे. ही वेळ भरती नुकतीच उलटू लागल्याची असते. धक्क्याजवळ तेव्हा पाणी भरपूर दिसते आणि घाई करण्याचे काही कारण आहे असे वाटत नाही. उशिराची किंमत दांड्याजवळ पोहोचल्यावर कळते.

होडी अर्धा तास उशिरा, म्हणजे १६:५८ वाजता पोहोचली, तर नियमानुसार उंची सुमारे १.४ मीटर आणि दांड्यावरची खोली १.७ मीटर असेल. तळाखाली जेमतेम २० सेंटीमीटर पाणी उरेल. सूत्राने काढले तर ते १४ सेंटीमीटरच भरते. होडी एक तास उशिरा, म्हणजे १७:२८ च्या सुमारास आली, तर खोली १.४ मीटर असेल आणि १.५ मीटर ड्राफ्टची होडी ती जागा ओलांडू शकणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या कालभागांत तर पाणी मिनिटाला जवळजवळ दीड सेंटीमीटर उतरत असते. तेव्हा २० मिनिटांच्या उशिराने राखून ठेवलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक संपते.

== उधाण आणि भांग ==

मुंबईत भांगाच्या काळात पूर्ण भरतीची सरासरी उंची सुमारे ३.३ मीटर आणि पूर्ण ओहोटीची सुमारे १.९ मीटर असते. कक्षा केवळ १.४ मीटर, म्हणून एक बारांश सुमारे १२ सेंटीमीटरचा. त्याच होडीला त्याच दांड्यासाठी १.७ मीटर उंची हवी आहे आणि भांगाची ओहोटीसुद्धा तिच्याहून उंच राहते. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारी साडेचारनंतर जो दांडा बंद होतो, तो भांगाच्या दिवशी दिवसभर खुला असतो.

याच्या नेमके उलटही घडते. एखादी जागा आधारपातळीच्या वर १.५ मीटर उघडी पडणारी असेल, तर याच होडीला ३.५ मीटर उंची लागेल. उदाहरणातील उधाणाच्या दिवशी ती जागा १४:२४ पर्यंत ओलांडता येते, परंतु भांगाच्या भरतीला ३.३ मीटरच पाणी असल्याने राखीव पाणी ठेवून ती मुळीच ओलांडता येत नाही. ओहोटीला पाणी किती कमी होते एवढे पाहून उधाण अवघड आणि भांग सोपा असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. उंच जागांना उधाणाची भरती लागते, सखल जागांना भांगाची ओहोटी सोयीची पडते.

उधाणाची सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते आणि पुढे आठवडाभर भरत्यांची उंची घटत जाते. त्यामुळे सर्वांत मोठ्या भरतीच्या माथ्यावर रुतलेल्या होडीला पुढच्या भरतीत तेवढे पाणी मिळत नाही आणि तिला पुढील उधाणापर्यंत सुमारे पंधरा दिवस तशाच अवस्थेत पडून राहावे लागण्याचा धोका असतो. म्हणून उतरत्या उधाणात अनोळखी उथळ जागेवर भरतीच्या माथ्यावर जाणे टाळतात आणि शक्य तेथे पाणी चढत असताना जातात. चढत्या पाण्यात तळ टेकला तरी थोड्याच वेळात होडी पुन्हा तरंगते.

== चूक कोणत्या बाजूला पडते ==

नियम आणि कोज्या-वक्र यांतील फरक लहान असतो. वरील उदाहरणात तो जास्तीत जास्त ९ सेंटीमीटरच्या आसपास राहतो. परंतु तो सर्व काळ सारख्या दिशेचा नसतो. भरतीच्या जवळच्या दोन कालभागांत पाणी प्रत्यक्षात नियम सांगतो त्याहून कमी उतरलेले असते, म्हणजे नियम पाणी कमी दाखवतो. ही चूक सुरक्षित आहे. ओहोटीच्या जवळच्या दोन कालभागांत उलट घडते. पाणी नियमाने सांगितल्यापेक्षा जास्त उतरलेले असते आणि नियम जेवढे दाखवतो तेवढे पाणी तेथे नसते.

उदाहरणात १३:२२ वाजता नियम ४.१० मीटर सांगतो आणि सूत्र ४.१६. येथे नियमावर विसंबल्याने काही बिघडत नाही. १७:३० वाजता मात्र नियम १.१० मीटर सांगतो आणि सूत्र १.०४. याचा परिणाम वेळेत मोजला तर तो अधिक स्पष्ट होतो. वरील होडी दांड्यावरच थांबून राहिली, तर उंची १.२ मीटर होताच तिचा तळ वाळूला टेकेल. नियमानुसार ही वेळ १७:२० ची येते. सूत्रानुसार ती १७:१२ ची आहे. पुढील भरती ००:४४ वाजता ४.० मीटरची असेल असे धरले, तर तीच होडी पुन्हा तरंगण्याची वेळ नियमाने १९:५० येते, पण सूत्राने १९:५८. म्हणजे टेकण्याची वेळ नियम उशिरा सांगतो आणि सुटकेची वेळ लवकर सांगतो. दोन्हीकडे तो आशावादी ठरतो.

ही त्रुटी दूर करण्यास गणकयंत्राची गरज नाही. कक्षेचे बाराऐवजी साठ भाग करून सहा कालभागांना अनुक्रमे ४, ११, १५, १५, ११ आणि ४ भाग दिले, तर कालभागांच्या अखेरीस येणाऱ्या उंची सूत्राशी जुळतात. तोंडी हिशेबच करावयाचा असल्यास ओहोटीच्या आधीच्या व नंतरच्या कालभागाच्या टोकाला नियमाने आलेल्या उंचीतून कक्षेचा साठावा हिस्सा वजा करणे पुरते. ३.६ मीटरच्या कक्षेसाठी तो ६ सेंटीमीटर होतो. कालभागाच्या मधल्या क्षणांसाठी फरक याहून थोडा अधिक, सुमारे चाळिसाव्या हिश्शापर्यंत जाऊ शकतो.

== हिशेबात होणाऱ्या चुका ==

नियम वापरताना सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे ओहोटीची उंची शून्य समजणे. कक्षेचे बारांश ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात, आधारपातळीपासून नव्हे. उदाहरणात चार कालभागांनंतर कक्षेचे ३ बारांश म्हणजे ०.९ मीटर उरतात, परंतु भरतीची उंची ०.९ नसून त्यात ओहोटीचे ०.८ मीटर मिळवून १.७ मीटर होते. ही चूक होडीला धोक्यात टाकत नाही, पण खुली वाट बंद समजली जाते.

दुसरी चूक चुकीची जोडी घेण्याची. मुंबईत एकाच दिवसाच्या दोन भरत्या आणि विशेषतः दोन ओहोट्या सारख्या उंचीच्या नसतात. सकाळच्या ओहोटीची उंची घेऊन दुपारच्या उतरत्या पाण्याचा हिशेब केल्यास तो बराच चुकू शकतो. ज्या काळात दांडा ओलांडावयाचा, त्या काळाच्या लगतच्या भरतीची व ओहोटीचीच उंची घेतली पाहिजे. पाणी चढत असताना नवी कक्षा आणि नवा कालभाग काढावा लागतो.

तिसरी चूक वेळेची. भारतीय तक्त्यांतील वेळा भारतीय प्रमाणवेळेत असतात. ब्रिटनसारख्या देशात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि तेथील तक्त्यांतील वेळेत हा तास अनेकदा स्वतः मिळवावा लागतो. एक तास म्हणजे जवळजवळ एक कालभाग. ही चूक मधल्या काळात झाली तर पाणी कक्षेच्या पाव हिश्शाने चुकते.

तक्ता ज्या बंदराचा आहे, त्याच जागेच्या उंची तो देतो. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते आणि तिची उंचीही बदलते. मुख्य बंदराच्या आकड्यांत त्या जागेचा वेळेचा व उंचीचा फरक आधी मिळवावा आणि मगच नियम लावावा, असा क्रम असतो.

== मर्यादा ==

हा नियम पाणी समतोलपणे चढत-उतरत असेल तेथेच लागू पडतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन येथे भरतीचे पाणी माथ्यावर येऊन थोडे उतरते व पुन्हा चढते. या दुहेरी भरतीमुळे तेथे पाणी बराच वेळ उंच राहते आणि मग झपाट्याने उतरते. स्वॉनेज ते सेल्सी या पट्ट्यासाठी ब्रिटिश नौदलाचे तक्ते म्हणूनच स्वतंत्र वक्र देतात आणि त्यांत वेळ भरतीपासून नव्हे, तर ओहोटीपासून मोजतात. अशा ठिकाणी द्वादशांश नियम वापरत नाहीत.

नद्यांच्या मुखातून आत गेल्यावरही नियम डळमळतो. हुगळी नदीत वरच्या भागात भरती थोड्या वेळात चढते आणि ओहोटी बराच वेळ चालते. सहाने भागल्यामुळे कालावधीचा फरक काही अंशी सामावला जातो, पण आलेखाचा आकारच एका बाजूला झुकलेला असल्याने मधल्या उंची जुळत नाहीत. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, तेथेही सहा तासांचा हिशेब निरर्थक ठरतो.

तक्त्यातील आकडे सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणावरून वर्तवलेले असतात. त्यांत त्या दिवसाचे हवामान नसते. वातावरणाचा दाब नेहमीपेक्षा एक हेक्टोपास्कलने वाढला तर पाणी सुमारे एक सेंटीमीटरने खाली जाते, आणि घटला तर तेवढेच वर येते. जमिनीकडून समुद्राकडे बराच वेळ वाहणारा वारा उथळ किनाऱ्यावरचे पाणी कमी करतो. पावसाळ्यात नद्यांचे पाणी खाडीत उतरले की ओहोटीची पातळी उंचावते आणि ओहोटी लांबते. त्याच काळात वाळूचे दांडे जागा बदलत असल्याने नकाशावरची खोलीही विश्वसनीय राहत नाही. दांड्यावर लाटा उसळत असतील, तर दोन लाटांमधील खळग्यात होडी हिशेबातील खोलीहून खाली जाते. राखीव पाणी ठेवण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

नियम पाण्याच्या उंचीविषयीच बोलतो, प्रवाहाविषयी नाही. प्रवाह उलटण्याची वेळ आणि पूर्ण भरतीची वेळ अनेक ठिकाणी भिन्न असते, म्हणून प्रवाहाचा अंदाज स्वतंत्र तक्त्यावरून घ्यावा लागतो.

== पडताळा ==

वर्तवलेली उंची त्या दिवशी खरी ठरत आहे की नाही, हे दांड्यावर पोहोचण्यापूर्वीच तपासता येते. त्यासाठी वाटेतील सपाट तळाची आणि नकाशावर खोली ठाऊक असलेली जागा निवडतात. उदाहरणातील होडी १४:२४ वाजता ४.० मीटर खोली दाखवलेल्या जागेवर असेल, तर नियमानुसार तेथे ७.५ मीटर पाणी हवे. खोलीमापकाने ७.२ मीटर दाखवले, तर पाणी त्या दिवशी सुमारे ०.३ मीटरने कमी आहे असा निष्कर्ष निघतो. मात्र खोलीमापक पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की होडीच्या तळापासून, हे आधी ठाऊक असावे लागते. अन्यथा हा फरक पाण्याचा नसून यंत्राच्या जोडणीचा असू शकतो.

असा फरक आढळल्यावर हिशेब पुन्हा करणे सोपे असते. प्रत्यक्षात १.७ मीटर उंची हवी, तर तक्त्याच्या हिशेबाने ती २.० मीटर धरावी लागेल. ४.४ मधून २.० वजा करून ०.३ ने भागले असता ८ बारांश येतात. तीन कालभागांत सहा बारांश उतरतात, ती वेळ १५:२६ ची. उरलेले दोन बारांश चौथ्या कालभागाच्या दोन-तृतीयांश वेळात म्हणजे ४१ मिनिटांत उतरतात. दांडा ओलांडण्याची अखेरची वेळ १६:२८ ऐवजी १६:०७ ठरते. ताशी ५ सागरी मैल वेगाने तोवर पोहोचणे शक्य नसेल, तर दांडा ओलांडण्याचा बेत सोडून खोल पाण्यात नांगर टाकणे किंवा पुढील भरतीची वाट पाहणे हाच पर्याय उरतो.